लांब लॅटिन प्रार्थनांचा अन्वय : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

वहीचे काम सुरू. रोमन मिस्सेतली निवडक लॅटिन वाक्ये घ्यायची, प्रत्येकाचा अन्वय लावायचा आणि त्याखाली मराठी अर्थ लिहायचा. वाचक कोण, तर लॅटिन स्तोत्रे गाणारे पण व्याकरण न शिकलेले, आणि शाळेत संस्कृत झालेले लोक. दुसऱ्या गटाला अर्धे काम आधीच येते. श्लोकात कर्ता शेवटच्या चरणात आणि क्रियापद पहिल्या चरणात असले तरी ते बिचकत नाहीत. लॅटिनमध्येही शब्दाचे नाते जागेवरून ठरत नाही, शेवटच्या प्रत्ययावरून ठरते, त्यामुळे विभक्तींची नावे संस्कृतचीच वापरणार आहोत. एकच तफावत ध्यानात ठेवायची. लॅटिनची पंचमी तृतीया, पंचमी आणि सप्तमी अशी तिघींची कामे करते.

लिपीचा प्रश्न आजच निकालात काढला. चर्चच्या उच्चारात ‘आए’ हा जोडस्वर नुसता ‘ए’ असा वाचतात. तो तसाच लिहिला तर ‘बेआते’ची षष्ठी आहे की संबोधन हे डोळ्यांना कळणारच नाही. म्हणून वहीत तो ‘ऐ’ असा लिहायचा आणि वाचताना ‘ए’ म्हणायचा. ‘ह’ उच्चारात नसला तरी लिहायचा. बाकी सगळे कानाप्रमाणे.

११ जानेवारी

पद्धत ठरली. संस्कृतात अन्वयाच्या दोन रीती आहेत. दंडान्वयात शब्द कर्त्यापासून क्रियापदापर्यंत सरळ ओळीत मांडतात. खंडान्वयात आधी क्रियापद पकडून त्याला ‘कोण? काय? कोणाला? कशाने?’ असे विचारत जातात. लांब लॅटिन वाक्याला खंडान्वयच लागू पडतो. दंडान्वय शेवटी, मराठी लिहिताना.

पेन्सिल घेऊन करायचे काम असे. प्रथम संबोधने कंसात टाकायची. ‘दोमिने’, ‘पातेर’, ‘फ्रात्रेस कारिस्सिमि’ यांचा वाक्याच्या सांगाड्याशी संबंध नसतो. मग मध्येच येणारी विनवणी, ‘क्वैसुमुस’ किंवा ‘क्वैसो’, तीही कंसात. दिसायला ही क्रियापदेच आहेत, पण मराठीत वाक्याच्या मधोमध ‘कृपा करून’ म्हणावे तितकेच त्यांचे वजन. त्यानंतर पुरुष आणि वचन दाखवणारी सगळी क्रियापदे अधोरेखित करायची. ‘आक’ किंवा ‘एत’ने जोडलेली क्रियापदे मिळून एक गट. मग ‘क्वि’, ‘क्वै’, ‘क्वाम’, ‘क्वोद’, ‘उत’, ‘उबि’ असे जोडशब्द चौकटीत घ्यायचे. गटांच्या संख्येतून चौकटी वजा केल्या की उरतो तो मुख्य वाक्याचा गट, आणि तो एकच उरला पाहिजे.

सरावासाठी पास्काच्या रात्री मोठ्या मेणबत्तीपुढे गायल्या जाणाऱ्या घोषणेतले एक वाक्य घेतले:

क्वाप्रोप्तेर आस्तान्तेस वोस, फ्रात्रेस कारिस्सिमि, आद ताम मिराम हुयुस सांक्ति लुमिनिस क्लारितातेम, उना मेकुम, क्वैसो, देइ ओम्निपोतेन्तिस मिसेरिकोर्दिआम इन्वोकाते.

एकोणीस शब्द, आणि मुख्य क्रियापद एकोणिसावे. मराठी माणसाला हे परके वाटू नये, आपलेही क्रियापद शेवटीच येते. घोळ झाला तो दुसरीकडे. पहिल्या मसुद्यात ‘क्वैसो’ मुख्य क्रियापद धरले गेले आणि अर्थ निघाला ‘मी विनंती करतो’. पण मग ‘मिसेरिकोर्दिआम’ या द्वितीयेला कोणी वालीच उरत नाही. कर्म लोंबकळत राहिले की समजावे, चुकीचे क्रियापद धरले आहे. ‘इन्वोकाते’ हे आज्ञार्थी, द्वितीय पुरुषी अनेकवचन, म्हणून कर्ता ‘वोस’, तुम्ही. काय याचना करा? ‘मिसेरिकोर्दिआम’, दया. कोणाची? ‘देइ ओम्निपोतेन्तिस’, सर्वसमर्थ देवाची.

याच वाक्यात कंसासारखी रचनाही दिसते. ‘मिराम’ हे विशेषण आणि ‘क्लारितातेम’ हे त्याचे नाम, या दोघांमध्ये ‘हुयुस सांक्ति लुमिनिस’ ही षष्ठी बसवली आहे. विशेषणाने कंस उघडला, नामाने मिटवला, आत आहे ते त्याच नामाचे. ‘या पवित्र प्रकाशाच्या इतक्या अद्भुत तेजाजवळ.’ विशेषण आले आणि पुढचा शब्द त्याच्याशी विभक्तीने जुळेना, तर थांबायचे नाही, कंस मिटेपर्यंत पुढे जायचे. ‘उना’ ही ‘एक’ची स्त्रीलिंगी नव्हे. इथे तिचा अर्थ ‘एकत्र’.

१८ जानेवारी

आज कानोनमधले, म्हणजे पहिल्या ख्रिस्तप्रसाद प्रार्थनेतले, वाक्य. सगळ्यात जास्त वेळ याला गेला.

उन्दे एत मेमोरेस, दोमिने, नोस सेर्वि तुइ, सेद एत प्लेब्स तुआ सांक्ता, एयुस्देम क्रिस्ति, फिलिइ तुइ, दोमिनि नोस्त्रि, ताम बेआतै पास्सिओनिस, नेक्नोन एत आब इन्फेरिस रेसुर्रेक्त्सिओनिस, सेद एत इन चैलोस ग्लोरिओसै आशेन्सिओनिस: ओफ्फेरिमुस प्रैक्लारै मायेस्ताति तुऐ दे तुइस दोनिस आक दातिस होस्तिआम पुराम, होस्तिआम सांक्ताम, होस्तिआम इम्माकुलाताम, पानेम सांक्तुम वितै ऐतेर्नै एत कालिचेम सालुतिस पेर्पेतुऐ.

पंचावन्न शब्द, क्रियापद एकच: ‘ओफ्फेरिमुस’, तेहतिसावे. जोडशब्द एकही नाही. म्हणजे सांगाडा अगदी साधा आहे, मांसच फार.

क्रियापदाला विचारू. ‘-मुस’ हा प्रत्यय आला की कर्ता ‘आम्ही’. बहुतेक प्रार्थनांत तो प्रत्ययातच लपलेला असतो आणि वेगळी प्रथमा शोधत बसायची गरज नसते. इथे मात्र तो उघडपणे लिहिला आहे: ‘नोस सेर्वि तुइ’, आम्ही तुझे सेवक, आणि ‘सेद एत प्लेब्स तुआ सांक्ता’, तुझी पवित्र प्रजाही. ‘प्लेब्स’ एकवचनी आहे म्हणून एकवचनी क्रियापद हुडकायला जाऊ नये, ती ‘नोस’ची जोडीदार आहे आणि दोघे मिळून ‘आम्ही’. काय अर्पण करतो? ‘होस्तिआम’, तीनदा, आणि मग ‘पानेम’ व ‘कालिचेम’. कोणाला? ‘मायेस्ताति’, महत्तेला. कशातून? ‘दे तुइस दोनिस आक दातिस’, तूच दिलेल्या दानांतून.

आता उरला मधला भाग, शब्द तेरा ते बत्तीस. वीसच्या वीस शब्द ‘मेमोरेस’ला टांगलेले आहेत, आणि तो शब्द वाक्याच्या तिसऱ्या स्थानी आहे! ‘मेमोर’ म्हणजे स्मरण ठेवणारा. कशाचे स्मरण ते सांगायला त्याला षष्ठी लागते. म्हणून ‘मेमोरेस’ दिसला की एक खुंटी ठोकली असे समजायचे आणि पुढे षष्ठीतल्या घटनेची वाट पाहायची. अडचण अशी की पहिली षष्ठी येते ती माणसाची: ‘एयुस्देम क्रिस्ति, फिलिइ तुइ, दोमिनि नोस्त्रि’. इथेच खुंटीवर अडकवून ‘ख्रिस्ताचे स्मरण ठेवून’ म्हटले तर पुढच्या तीन षष्ठी हवेत राहतात. खरी कर्मे ती तीन आहेत: ‘पास्सिओनिस’, ‘रेसुर्रेक्त्सिओनिस’, ‘आशेन्सिओनिस’. ख्रिस्ताची षष्ठी त्या तिघींची मालक. षष्ठीच्या पोटात षष्ठी.

‘आब इन्फेरिस रेसुर्रेक्त्सिओनिस’ आणि ‘इन चैलोस ग्लोरिओसै आशेन्सिओनिस’ यांत ‘कुठून’ आणि ‘कुठे’ सांगणारे शब्द नामाआधी आले आहेत. मराठीत हे आपोआप जमते, ‘अधोलोकातून झालेले पुनरुत्थान’, फक्त मधला ‘झालेले’ आपल्याला घालावा लागतो.

दंडान्वय: म्हणून, हे प्रभो, आम्ही तुझे सेवक आणि तुझी पवित्र प्रजाही, तुझा पुत्र व आमचा प्रभू जो ख्रिस्त, त्याच ख्रिस्ताचे परमधन्य दुःखसहन, अधोलोकातून झालेले पुनरुत्थान आणि स्वर्गातले गौरवशाली आरोहण यांचे स्मरण ठेवून, तुझ्या थोर महत्तेला, तूच दिलेल्या दानांतून, शुद्ध, पवित्र, निष्कलंक असा बळी, म्हणजे चिरंतन जीवनाची पवित्र भाकर आणि शाश्वत तारणाचा प्याला, अर्पण करतो.

‘होस्तिआम’ तीनदा आहे, मराठीत ‘बळी’ एकदाच ठेवला. गाणाऱ्यांच्या प्रतीत तो तीनदा ठेवायचा की काय, हे नंतर पाहू.

१९ जानेवारी

कालच्या वाक्याची उलटतपासणी. दोन ठिकाणी पाय घसरू शकतो.

एक, ‘मेमोरेस’. ‘सांगणे, आठवून देणे’ या अर्थाच्या ‘मेमोरारे’ धातूचे विध्यर्थी द्वितीय पुरुषी एकवचनही नेमके ‘मेमोरेस’ असेच होते. लगेच पुढे ‘दोमिने’ असल्यामुळे ‘प्रभो, तू सांगावेस’ असा अर्थ लावण्याचा मोह होतो. पण तसे घेतले तर एकाच वाक्यात जोडशब्दाविना दोन क्रियापदे उभी राहतात, आणि ‘नोस’ला मध्ये जागाच मिळत नाही. वजाबाकीचे उत्तर दोन आले की एखादे क्रियापद खोटे आहे, असा संशय घ्यावा.

दुसरे, ‘-ऐ’. वाक्यात तो सात वेळा येतो आणि सगळीकडे सारखाच दिसतो, पण कामे दोन. ‘प्रैक्लारै मायेस्ताति तुऐ’मध्ये चतुर्थी, बाकी ‘बेआतै’, ‘ग्लोरिओसै’, ‘वितै ऐतेर्नै’, ‘पेर्पेतुऐ’ या षष्ठी. एकट्या विशेषणाकडे बघून हे कधीच कळणार नाही. जोडीदार नाम पाहावे. ‘मायेस्ताति’चा ‘-ति’ चतुर्थीच सांगतो, ‘पास्सिओनिस’ आणि ‘सालुतिस’चा ‘-इस’ षष्ठीच. म्हणजे ज्या नामाचा प्रत्यय निःसंदिग्ध आहे त्याची साक्ष आधी घ्यायची, विशेषण त्याच्या मागून जाते. ‘वितै’ला असा साक्षीदार नाही. तिथे अर्थच निर्णय देतो, कारण अर्पण महत्तेला होते आहे, जीवनाला नव्हे, आणि ती भाकर जीवनाची आहे.

‘तुइ’चेही तेच. ‘सेर्वि तुइ’ प्रथमा अनेकवचन, ‘फिलिइ तुइ’ षष्ठी एकवचन. अक्षर न अक्षर तेच.

२ फेब्रुवारी

कानोनचा आरंभ.

ते इजितुर, क्लेमेन्तिस्सिमे पातेर, पेर येसुम क्रिस्तुम, फिलिउम तुउम, दोमिनुम नोस्त्रुम, सुप्प्लिचेस रोगामुस आक पेतिमुस, उति आच्चेप्ता हाबेआस एत बेनेदिकास हैक दोना, हैक मुनेरा, हैक सांक्ता साक्रिफिचिआ इल्लिबाता…

पहिलाच शब्द ‘ते’, तुला. कर्म सर्वांत पुढे आणि क्रियापद तेराव्या शब्दावर. वाक्य ‘तुला’ने उघडते ते जोर देण्यासाठी, मराठीतही ‘तुलाच आम्ही विनवतो’ म्हणता येते. मधले ‘येसुम क्रिस्तुम’ वगैरे सगळे द्वितीयेत आहे आणि ‘ते’ही द्वितीयेत, म्हणून एका मसुद्यात ‘तुला येशू ख्रिस्ताला’ असा भयंकर अर्थ निघाला होता. ‘पेर’ या अव्ययाला द्वितीयाच लागते. ‘पेर’पासून ‘नोस्त्रुम’पर्यंतचा सात शब्दांचा गठ्ठा एकत्र बांधून ठेवायचा, तो क्रियापदाचे कर्म नाही.

‘सुप्प्लिचेस’, नम्रपणे विनवणारे, हे अनेकवचन आहे. ‘ते’ एकवचनी, म्हणून ते त्याचे विशेषण होऊ शकत नाही. ते ‘रोगामुस’मध्ये लपलेल्या ‘आम्ही’चे. कर्ता वाक्यात लिहिलेला नाही, पण त्याचे विशेषण लिहिलेले आहे!

‘उति’ पाहून कोशात ‘वापरणे’ सापडेल. इथे ते ‘उत’चेच जुने रूप आहे, ‘की’ किंवा ‘अशी’. आणि ‘आच्चेप्ता’ ‘दोना’पासून चार शब्द दूर आहे. ते ‘स्वीकारलेली दाने’ असे नुसते विशेषण नव्हे, ‘हाबेआस’बरोबर जाणारे विधेय आहे: ‘ही दाने स्वीकारार्ह मानावीस’.

पुढचा तुकडा ‘इन प्रिमिस क्वै तिबि ओफ्फेरिमुस’ आणि ‘क्वाम पाचिफिकारे, कुस्तोदिरे, आदुनारे एत रेजेरे दिञ्ञेरिस’ असा जातो. ‘दिञ्ञेरिस’चा ‘-रिस’ कर्मणि दिसतो, अर्थ मात्र कर्तरी आहे: ‘कृपा करावीस’. अशी नुसती कर्मणि वेशातली क्रियापदे प्रार्थनांत जागोजाग भेटतात. वजाबाकी: गट चार, म्हणजे रोगामुस-पेतिमुस, हाबेआस-बेनेदिकास, ओफ्फेरिमुस, दिञ्ञेरिस. चौकटी तीन, उति, क्वै, क्वाम. उरला एक. बरोबर.

९ फेब्रुवारी

मिस्सेच्या आरंभीच्या छोट्या प्रार्थना, कोलेक्ता. १९६२च्या मिस्सालातली नाताळच्या मध्यरात्रीची:

देउस, क्वि हांक साक्रातिस्सिमाम नोक्तेम वेरि लुमिनिस फेचिस्ति इल्लुस्त्रात्सिओने क्लारेशेरे: दा, क्वैसुमुस, उत कुयुस लुचिस मिस्तेरिआ इन तेर्रा कोञ्ञोविमुस, एयुस क्वोक्वे गाउदिइस इन चैलो पेर्फ्रुआमुर.

‘देउस’ प्रथमेसारखा दिसतो, संबोधनातही तोच राहतो. त्याला कर्ता धरले की ‘देवाने रात्र उजळवली’ असे वाक्य होते. ‘फेचिस्ति’चा ‘-स्ति’ सांगतो की कर्ता ‘तू’ आहे. ‘हे देवा, ज्या तू… उजळवलीस’. प्रत्येक कोलेक्तात ‘देउस, क्वि’च्या पुढचे क्रियापद कोणत्या पुरुषाचे आहे ते आधी बघावे.

‘वेरि लुमिनिस’ आणि ‘इल्लुस्त्रात्सिओने’ या दोघांच्या मध्ये ‘फेचिस्ति’ घुसले आहे. सरळ केले तर ‘खऱ्या प्रकाशाच्या उजेडाने’.

दुसऱ्या अर्ध्यात जे वाक्य इतरांना उलटे वाटते ते आपल्याला सुलटे पडते. ‘कुयुस लुचिस… एयुस क्वोक्वे’ म्हणजे ‘ज्या प्रकाशाची… त्याच्याच’. संबंधी शब्द आधी आणि ‘तो’ नंतर, ही तर मराठीची रोजची जो-तो रचना. तेव्हा शब्द हलवायचेच नाहीत: ‘ज्या प्रकाशाची रहस्ये आम्ही पृथ्वीवर जाणली, त्याच्याच आनंदाचा स्वर्गात आम्हाला उपभोग मिळो.’ ‘पेर्फ्रुआमुर’ला कर्म पंचमीत लागते, म्हणून ‘गाउदिइस’. द्वितीया शोधत बसू नये.

१५ फेब्रुवारी

शब्द का हलवले, हा प्रश्न वारंवार येतो. सगळीकडे एकच उत्तर नाही, पण एक उत्तर कानाने तपासता येते. साधारण काळाच्या २१व्या रविवारची कोलेक्ता अशी सुरू होते: ‘देउस, क्वि फिदेलिउम मेन्तेस उनियुस एफ्फिचिस वोलुन्तातिस’. तू श्रद्धावंतांची मने एकाच इच्छेची करतोस. ‘उनियुस वोलुन्तातिस’, एका इच्छेची, ही जोडी क्रियापदाने मधोमध चिरली आहे.

‘उनियुस वोलुन्तातिस एफ्फिचिस’ लिहिता आले असते. मग काय बिघडले असते? शेवट. उपासनेच्या गद्यात वाक्यखंडाचा शेवट आघाताच्या ठरावीक चालीवर आणायची रीत होती, तिला कुर्सुस म्हणतात. मुख्य चाली तीन: प्लानुस, तार्दुस, वेलोक्स. वेलोक्समध्ये आधीच्या शब्दात शेवटून तिसऱ्या अवयवावर, म्हणजे उच्चाराच्या तुकड्यावर, आघात आणि मग चार अवयवांचा शब्द, ज्यात शेवटून दुसऱ्यावर आघात. ‘एफ्-फि-चिस वो-लुन्-ता-तिस’ मोठ्याने म्हणून बघा: दोन आघातांमध्ये चार अनाघात अवयव, नेमके वेलोक्स. क्रम बदलला तर ‘वो-लुन्-ता-तिस एफ्-फि-चिस’, आघातांमध्ये एकच अवयव, आणि चाल मोडते. नाताळच्या प्रार्थनेतले ‘इल्लुस्त्रात्सिओने क्लारेशेरे’ तार्दुसमध्ये बसते. पण तिच्याच शेवटचे ‘चैलो पेर्फ्रुआमुर’ या तिघांत बसत नाही, तेव्हा चाल हे कारण म्हणून वापरा, कायदा म्हणून नको.

वाचकाला याचा व्यवहारी उपयोग एवढाच: खंडाच्या अगदी शेवटच्या दोन शब्दांचा क्रम अर्थाचा पुरावा म्हणून धरू नका. वृत्तासाठी श्लोकात शब्द मागेपुढे होतात त्यातलाच प्रकार.

२२ फेब्रुवारी

प्रेफात्सिओचा, म्हणजे कानोनच्या आधी येणाऱ्या आभारस्तुतीचा, आरंभ: ‘वेरे दिञ्ञुम एत युस्तुम एस्त, ऐक्वुउम एत सालुतारे, नोस तिबि सेम्पेर एत उबिक्वे ग्रात्सिआस आजेरे’. क्रियापद एकच, ‘एस्त’, आहे. कर्ता? ‘नोस’ नव्हे, कारण ‘आम्ही… आहे’ होत नाही. ‘नोस’ प्रथमेत आणि द्वितीयेत एकसारखाच. इथे तो द्वितीयेत आहे आणि ‘आजेरे’ या भाववाचकाचा कर्ता आहे. मराठीत हे अगदी चपखल उतरते: ‘आम्ही सदासर्वत्र तुझे आभार मानणे’ हाच अख्खा खंड ‘एस्त’चा कर्ता, आणि तो ‘योग्य व न्याय्य आहे’. ‘-णे’ने जे आपण करतो ते लॅटिन ‘-रे’ने करते.

आणि वजाबाकी एका ठिकाणी फसली. कानोनच्या शेवटाकडे ‘पेर क्वेम हैक ओम्निआ, दोमिने, सेम्पेर बोना क्रेआस, सांक्तिफिकास, विविफिकास, बेनेदिचिस, एत प्रैस्तास नोबिस’ येते. पाच क्रियापदे, एक गट, चौकट एक, ‘क्वेम’. उत्तर शून्य. मुख्य वाक्यच नाही असे म्हणायचे काय? नाही. लॅटिनमध्ये नवे वाक्य ‘ज्या’ने सुरू करून मागच्या वाक्याशी सांधतात. लगतच्या आधी ‘पेर क्रिस्तुम दोमिनुम नोस्त्रुम’ आहे, ‘क्वेम’ तो ख्रिस्त. म्हणून उत्तर शून्य आले आणि संबंधी शब्द वाक्याच्या पहिल्या-दुसऱ्या स्थानी असला तर तो ‘आणि त्या’ असा वाचायचा: ‘आणि त्याच्याद्वारे, हे प्रभो, तू ही सर्व उत्तम दाने सदैव निर्माण करतोस, पवित्र करतोस, सजीव करतोस, आशीर्वादित करतोस आणि आम्हाला देतोस.’ ११ जानेवारीच्या नोंदीतल्या पद्धतीत ही दुरुस्ती जोडली. ‘होस्तिआम’ गाणाऱ्यांच्या प्रतीत तीनदाच ठेवला, सुरांना तीन शब्द लागतात.